अकरा गाळण्यांचा रिपोर्ट

पॅथॉलॉजीवाल्यांना माणसं भेटत नाहीत, तुकडे भेटतात. किडनीचा तुकडा, यकृताचा तुकडा, कुणाच्या मानेतली गाठ. तुकडा भांडत नाही, रडत नाही, "डॉक्टर, मी वाचेन ना?" असं विचारत नाही. या लॅबमधल्या धाकट्या डॉक्टरांनी, म्हणजे सगळ्यांच्या धाकट्या बाईंनी, हे खातं निवडलं त्यामागे हेही एक कारण होतं, आणि ते कबूल करायला त्यांना लाज वाटत नसे. त्यामुळे त्या शुक्रवारी दुपारी लॅबचं दार धाडकन उघडलं आणि एक जितीजागती बाई आत शिरली, तेव्हा धाकट्या बाई अक्षरशः उठून उभ्या राहिल्या.

"किडनीचे रिपोर्ट इथेच होतात ना?"

"होतात. पण पेशंटनी इथे यायचं नसतं. तुमच्या डॉक्टरांना विचारा."

"विचारून झालं. त्यांनी रिपोर्टकडे बोट दाखवलं. रिपोर्ट तुम्ही केलाय. आता मी तुमच्याकडे बोट दाखवतेय."

बाई तिशीतली असेल. चेहरा सुजलेला, पावलांवर सूज, गालांवर लालसर डाग, पण पाठ ताठ. गळ्यात दोरीला शिट्टी. मुलांना धावायला शिकवणारी कोच होती ती, आणि आख्खं मैदान शिट्टीवर नाचवण्याची सवय अंगात भिनलेली. तिच्यामागून तिची आई धापा टाकत आली आणि दारातच म्हणाली, "अगं, चल ना. डॉक्टरांना कशाला त्रास देतेस?"

"आई, तू बस. मी त्रास द्यायलाच आलेय."

हकीकत अशी होती. कोचला पाच वर्षांपासून ल्यूपस होता. शरीराचीच संरक्षक फौज घरच्यांवर उलटते, तसला हा आजार. मध्येच बरं वाटायला लागलं म्हणून तिने वर्षभर गोळ्या सोडल्या होत्या. आता अंगावर सूज, लघवीला फेस आणि रक्त, रक्तदाब चढलेला. पंधरवड्यापूर्वी किडनीच्या डॉक्टरांनी बायोप्सी केली. सुई दोनदा घालून दोन तुकडे काढले. त्यानंतर आतल्या आत रक्तस्राव झाला आणि तीन दिवस पलंगावरून हलू दिलं नाही. एवढं सोसून रिपोर्ट आला तो असा: ल्यूपस नेफ्रायटिस, सहावा वर्ग.

"डॉक्टर म्हणाले, सहावा म्हणजे संपलं. परत सुरू केलेल्या गोळ्या हळूहळू बंद करायच्या आणि डायलिसिसची तयारी करायची. सोमवारी हाताच्या शिरेचं ऑपरेशन ठेवलंय, सुया टोचायला सोयीचं व्हावं म्हणून." कोचने डावा हात टेबलावर ठेवला. "हा हात मी कुणाच्याही हवाली करणार नाही. माझी किडनी मेली असेल तर मला तिचं तोंड पाहू द्या. घरचं माणूस गेलं तर तोंड दाखवतात की नाही?"

आईने पदर तोंडाला लावला. धाकट्या बाईंना खरं तर चिडायला हवं होतं. पण त्यांना उलट मनातून ही बाई आवडली. स्वतः त्या शाळेत असल्यापासून हट्टी म्हणून प्रसिद्ध होत्या, आणि हट्टी माणसाला हट्टी माणूस लांबून ओळखू येतो.

"बसा," त्या म्हणाल्या. "दाखवते."

त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला दोन तोंडं होती, शिकाऊ मुलांना समोर बसवून शिकवण्यासाठी. त्यांनी कपाटातून स्लाइड काढली आणि कोचला समोरच्या तोंडाशी बसवलं.

"किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे रक्तवाहिन्यांचा एक गुंडा. ल्यूपस तिथे जाऊन बसतो. किती बसला आणि कुठे बसला, त्यावरून आम्ही वर्ग ठरवतो, एक ते सहा. शाळेसारखं समजू नका, इथे वर चढण्यात काही मान नाही."

"म्हणजे मी आयुष्यात पहिल्यांदा नापास न होता सहावीत गेले," कोच म्हणाली. आई म्हणाली, "काहीतरीच बोलतेस!"

"पहिला आणि दुसरा वर्ग सौम्य," धाकट्या बाई सांगत राहिल्या. "तिथे बहुतेकांना ल्यूपसची रोजची गोळी आणि रक्तदाबावर लक्ष, एवढं पुरतं. तिसऱ्यात निम्म्याहून कमी गाळण्यांत आग लागलेली असते, चौथ्यात निम्म्या किंवा त्याहून जास्त. तिथे हात आखडून चालत नाही. स्टेरॉइडचा मोठा मारा आणि जोडीला फौजेला लगाम घालणारं जोरदार औषध. पाचव्यात गाळणीची भिंत जाड होते आणि प्रथिनं गळत राहतात. तो एकटाही येतो, तिसऱ्या-चौथ्याबरोबर मिसळूनही येतो. आणि सहाव्यात शंभरातल्या नव्वद गाळण्यांचा व्रण झालेला असतो. आग विझलेली असते. राखेवर पाणी ओतून घर परत उभं राहत नाही. तिथे जोरदार औषध दिलं तर फायदा शून्य आणि इन्फेक्शनचा धोका मात्र खरा. म्हणून तुमचे डॉक्टर थांबले. माणूस चांगला आहे, निष्ठुर नाही."

"आणि माझ्या?"

"तुमच्या तुकड्यात अकरा गाळण्या मिळाल्या. अकरापैकी दहा व्रण. हे बघा, हा गुलाबी गोळा, आत काहीच उरलं नाही. हा दुसरा. हा तिसरा." धाकट्या बाई स्लाइड सरकवत होत्या आणि कोच एका डोळ्याने पाहत होती, श्वास रोखून. "हा चौथा. आणि ही कडेची गुलाबी पट्टी आहे ना, ती किडनीवरची साल. हा पाचवा. ही बघा, परत साल. हा सहावा..."

धाकट्या बाई बोलता बोलता थांबल्या.

सातव्याच्या शेजारीही साल होती. आठव्याच्याही. तुकड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साल संगतीने चालत आली होती. म्हणजे सुई किडनीत आत शिरलीच नव्हती, ती सालीखालून आडवी गेली होती. आणि सालीलगतच्या गाळण्यांचे सगळ्यात आधी व्रण होतात, रक्तदाबाने होतात, वयाने होतात, हे तर पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं. अकरावी गाळणी तेवढी जराशी आत होती. ती पेशींनी गच्च फुगली होती आणि एका बाजूला पेशींची चंद्रकोर तिला दाबत होती. तिथे आग विझलेली नव्हती, भडकलेली होती.

"काय झालं?" कोचने विचारलं.

"मला थोडा वेळ द्या."

"किती?"

"सोमवारपर्यंत. आणि त्या आधी हाताला कुणाला हात लावू देऊ नका."

कोचने डोळा वर केला, धाकट्या बाईंकडे नीट पाहिलं आणि आईला घेऊन गेली. जाताना दार मात्र तिने हळू लावलं.

ही चूक झाली कशी? तर लॅबच्या पद्धतीने झाली. इथे किडनीचा एक तुकडा लॅबचे प्रमुख, थोरले साहेब, वाचत, साध्या प्रकाशात, नाना रंगांच्या स्लाइडवर. दुसरा तुकडा गोठवून ठेवत आणि तो धाकट्या बाई अंधाऱ्या खोलीत वाचत, चमकणाऱ्या रंगांनी. दोघं आपापला अर्धा लिहीत आणि टंकलेखक ते एकाखाली एक जोडून देई. वर्ग साहेबांच्या अर्ध्यावरून ठरे. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. आणि साहेबांचा दंडक होता, "आधी डोळा, मग कागद." म्हणजे पेशंटची माहिती न वाचता आधी स्लाइड पाहायची, नजर कलुषित होऊ द्यायची नाही. दंडक सोन्यासारखा होता. फक्त वय आणि कामाचा रेटा वाढत गेला तसा डोळा राहिला आणि कागद मागे पडला.

धाकट्या बाईंनी आता तो कागद वाचला. लघवीत लाल पेशींचा खच. ल्यूपस पेटला की खर्ची पडणारं रक्तातलं कॉम्प्लिमेंट पार खाली. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकाराने चांगल्या. मेलेली किडनी आकसते, आणि मेलेली किडनी असा गोंधळ घालत नाही. त्यांनी स्वतःचाही अर्धा काढून वाचला. गोठवलेल्या तुकड्याबद्दल त्यांनीच लिहिलं होतं, "सर्व गाळण्यांत सर्व रंग तेजस्वी." उघड्या, जिवंत गाळण्या असल्याशिवाय असं चमकत नाही. हे लिहिताना त्यांच्या डोक्यात काहीच कसं वाजलं नाही? दुसऱ्या अर्ध्यात काय लिहिलंय ते पाहायची तसदी त्यांनीही घेतली नव्हती. त्यांना स्वतःचा संताप आला, आणि तो त्यांनी तसाच कामाला लावला.

पुन्हा बायोप्सी करायची तर एवढा रक्तदाब आणि आधीचा रक्तस्राव पाहता डॉक्टर धजावणार नव्हते. पण गोठवलेल्या तुकड्याचा बराचसा भाग फ्रीजरमध्ये शिल्लक होता. त्यांनी तो वितळवून फॉर्मॅलिनमध्ये टाकला आणि तंत्रज्ञ मावशींना फोन केला. मावशी म्हणजे लॅबचं दैवत. मेणात बसवलेल्या तुकड्याचे इतके पातळ काप काढत की फुंकर मारायची चोरी.

"उद्या सुट्टी आहे माझी," मावशी म्हणाल्या.

"माहीत आहे."

"साहेबांना विचारलंय?"

"नाही."

"येते," त्या म्हणाल्या. "पण काही बोलाचाली झाली तर मी तुमचं ऐकलं असं सांगेन हं."

"खुशाल सांगा. खरंच आहे ते."

शनिवारी संध्याकाळपर्यंत काप तयार झाले, रविवारी सकाळी रंगवून झाले. गोठवल्यामुळे बर्फाच्या कणांनी जागोजाग भोकं पाडली होती, तुकडा देखणा मुळीच नव्हता. पण त्यात चौदा गाळण्या होत्या. धाकट्या बाईंनी एकेक करून पाहिल्या. दोन व्रण. तीन बऱ्यापैकी शांत. आणि नऊ पेटलेल्या. पेशींनी ठासून भरलेल्या, तारेच्या वेटोळ्यासारख्या जाड झालेल्या भिंती, चारांत चंद्रकोरी. त्यांनी दोन्ही तुकड्यांची बेरीज केली. पंचवीसपैकी बारा व्रण. नव्वद टक्के कुठे आणि हे निम्म्याच्याही खाली कुठे! व्रण आणि आग मिळून बावीस गाळण्या आजारी होत्या. म्हणजे चौथा वर्ग. जुनं नुकसान होतंच, ते नाकारण्यात अर्थ नव्हता, पण चालू आग त्याला पुरून उरेल एवढी होती. विझवण्यासारखं घर अजून शिल्लक होतं.

सोमवारी सकाळी थोरले साहेब येऊन टेकतात न टेकतात तोच त्यांनी स्लाइड समोर ठेवल्या. साहेबांनी त्यांना हात धरून हे शास्त्र शिकवलं होतं. त्यांच्यासमोर उभं राहिलं की धाकट्या बाईंना अजूनही आपली वेणी घातलेली आहे असं वाटे.

साहेबांनी पाहिलं, फार वेळ पाहिलं.

"गोठवलेल्या तुकड्यावर वर्ग ठरवतेस? बर्फाने पेशी सुजतात. एकाच्या दोन दिसतात."

"बर्फाने भोकं पडतात, सर. चंद्रकोर पडत नाही."

"पूरक रिपोर्ट लावणार म्हणतेस. तीस वर्षांत माझ्या रिपोर्टावर कुणी ठिगळ लावलेलं नाही."

"मग मी पहिली."

"मी सही करणार नाही."

"नका करू. माझ्या एकटीची सही पुरते, नियमात तसं आहे. मी पाहून घेतलंय."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "मी तुला शिकवलं," ते म्हणाले, आणि आवाजात राग कमी आणि दुखावलेपण जास्त होतं.

"म्हणूनच तर मला दिसलं." धाकट्या बाई मागे सरल्या नाहीत. "डोळा तुम्ही दिलात, सर. पण कागद आपण दोघांनीही वाचला नाही. तुम्ही तुमचा अर्धा लिहिलात, मी माझा. ती बाई अख्खी होती. तिचे आपण दोन अर्धे केले आणि एका अर्ध्यावर तिला संपलेली ठरवून मोकळे झालो. आज अकरा वाजता तिचा हात कापणार आहेत. तुम्हाला माझ्यावर रागवायचं असेल तर बारा वाजता रागवा."

एवढं बोलून त्या स्लाइडचा ट्रे घेऊन निघाल्या. त्या जिना उतरू लागल्या. भीती वाटली नाही असं कुणी सांगितलं तर ते थापा मारतात. साहेब खातेप्रमुख होते, पुढची सगळी वर्षं त्यांच्याच समोर काढायची होती. पाण्यात राहून माशाशी वैर म्हणतात ते हेच. तरी त्या उतरत राहिल्या.

किडनीचे डॉक्टर त्यांच्या खोलीत होते. धाकट्या बाईंनी तिथल्या पडद्यावर एकेक गाळणी लावली. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मला लघवी पाहूनच शंका आली होती," ते म्हणाले. "पण छापून आलेल्या सहा या आकड्यापुढे मी मान तुकवली. फोन करायला हवा होता मी."

"मीही करायला हवा होता. आता ते राहू द्या. ऑपरेशन थांबवा."

डॉक्टरांनी फोन उचलला, तेवढ्यात दार उघडलं आणि थोरले साहेब आत आले. ते थेट पडद्यासमोर बसले. "पहिल्यापासून लावा," ते म्हणाले. धाकट्या बाईंनी लावलं. साहेब बोटाने मोजत होते, ओठ हलत होते. पंचवीस झाल्या. साहेबांनी पुन्हा एकदा मोजलं.

"चौथा," ते म्हणाले. "आग आणि व्रण, दोन्ही लिहा. माझा रिपोर्ट रद्द समजा." मग धाकट्या बाईंकडे न पाहता म्हणाले, "सही कुठे करायची?"

माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. धाकट्या बाईंनी अपेक्षाही केली नव्हती. सही मात्र त्यांनी नेहमीसारखी लपेटदार न करता पूर्ण नाव लिहून केली.

कोच वरच्या मजल्यावर पलंगावर बसली होती. ऑपरेशनचा झगा तिने घातलाच नव्हता, घडी करून उशाशी ठेवला होता. डावा हात छातीशी धरलेला. नर्स कंटाळून दारात उभी होती आणि आई दोघींची समजूत काढून काढून दमली होती. डॉक्टर आणि धाकट्या बाई एकदमच आत आले तेव्हा कोचने आधी धाकट्या बाईंचा चेहरा पाहिला.

"जिवंत आहे?"

"अर्धी," धाकट्या बाई म्हणाल्या. त्यांना खोटं सांगायचं नव्हतं. "निम्म्याच्या आसपास गाळण्या गेल्या, त्या कधीच परत येणार नाहीत. पण उरलेल्यांपैकी बऱ्याच पेटलेल्या आहेत, आणि आग विझवता येते. वर्ग चौथा आहे. सहावा आम्ही चुकून लिहिला. चूक आमची."

आईला रडू कोसळलं. कोच रडली नाही. तिने हात छातीपासून सोडला आणि मांडीवर ठेवला.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आजपासून तीन दिवस शिरेतून स्टेरॉइडचा मारा, मग स्टेरॉइडच्या गोळ्या उतरत्या क्रमाने. जोडीला दुसरं औषध, आणि तिथे दोन वाटा. एक रोजच्या गोळ्यांची, सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं. दुसरी शिरेतून, दर पंधरा दिवसांनी, सहा वेळा, आणि त्यानंतर गोळ्या. दोन्ही वाटांवर काही वर्षं मूल होऊ द्यायचं नाही. शिरेतलं औषध जास्त मात्रेत दिलं तर पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, पण या छोट्या मात्रेत तो धोका बराच कमी.

"शिरेतून द्या," कोच म्हणाली.

"विचार करा. गोळ्यांनीही गुण तेवढाच येतो."

"येत असेल. पण गोळ्या मी एकदा सोडल्यात. बरं वाटायला लागलं की मी स्वतःला फार शहाणी समजते, तो माझा दोष आहे आणि मला तो माहीत आहे. पहिले सहा डोस तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्या सुईने. मी पळून गेले तर तुम्हाला कळेल. तोवर मला अक्कल येईल."

"बाई गं," आई डोळे पुसत म्हणाली, "आता तरी डॉक्टरांचं ऐक."

"त्यांचंच ऐकतेय की. त्यांनी दोन वाटा सांगितल्या, मी एक घेतली."

डॉक्टर हसले, मग गंभीर झाले. "एक सांगतो, मी वचन देत नाही. नुकसान खूप झालंय. औषध लागू पडेल अशी आशा आहे, पण पडलं नाही तर काही महिन्यांनी डायलिसिसचं बोलणं परत काढावं लागेल. आणि इन्फेक्शनचा धोका तर राहणारच."

नर्सने सलाईनचा स्टँड ओढत आणला. कोचने उजवा हात पुढे केला, बाही स्वतःच वर सारली आणि मूठ आवळली, शीर वर येईपर्यंत.

"वचन कुणी मागितलं तुमच्याकडे?" ती म्हणाली. "मी औषध मागितलं होतं. टोचा."